ग्वा शा आणि चेहऱ्याचा मसाज: जबड्याची रेषा किती दिसते, किती वेळ दिसते

डोंबिवलीत मी चौदा वर्षं पार्लर चालवते. गेल्या काही वर्षांत खुर्चीत बसलेल्या दर तिसऱ्या मुलीच्या पर्समध्ये हिरवा किंवा गुलाबी चपटा दगड असतो आणि प्रश्नही साधारण तेच असतात. दर वेळी तीच उत्तरं तोंडी देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

ग्वा शा म्हणजे नक्की काय? हे मूळचं चेहऱ्यासाठीच आहे का?

नाही. चिनी भाषेत ग्वा म्हणजे खरवडणं आणि शा म्हणजे त्यातून कातडीवर उठणारे लाल ठिपके. मूळ उपचार पाठीवर, खांद्यांवर, मानेवर होतो. तेल लावून नाण्याची कड, चिनीमातीच्या चमच्याची कड किंवा म्हशीच्या शिंगाचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा जोर लावून ओढतात. व्हिएतनाममध्ये आणि इंडोनेशियातही अंग दुखलं, सर्दी झाली की घरोघरी नाण्याने असंच खरवडतात. तिथे लाल ठिपके उठणं हाच उपचाराचा भाग असतो. ते म्हणजे कातडीखाली सांडलेलं थोडंसं रक्त. दोन-चार दिवसांत ते विरून जातं.

चेहऱ्याचं ग्वा शा ही त्याची मवाळ धाकटी बहीण. दगड तसाच, दाब मात्र अगदी हलका, आणि लाल ठिपके उठले तर ती चूक. हा फरक मी मुद्दाम आधी सांगते. एक मुलगी पाठीवरच्या उपचाराचे व्हिडिओ पाहून गालावर तेवढाच जोर लावून बसली होती. आठवडाभर तिच्या गालावर निळसर पट्टे होते आणि ऑफिसात कोण काय विचारेल या भीतीने ती मास्क लावून फिरत होती.

पाच मिनिटांत जबडा रेखीव दिसतो. ते खरं असतं की भास?

खरं असतं. मात्र काय बदललं हे नीट समजून घ्यायला हवं.

रात्री आपण आडवे असतो तेव्हा दिवसभर पायांकडे ओढलं जाणारं पाणी सगळ्या अंगात सारखं पसरतं आणि थोडं चेहऱ्याच्या सैल भागांत साचतं. डोळ्यांखाली, गालांच्या खालच्या भागात, हनुवटीखाली. आदल्या रात्री पापड, लोणचं, चायनीज, वेफर्स असं खारट खाल्लं असेल, दारू घेतली असेल, खूप रडणं झालं असेल किंवा एकाच कुशीवर झोप झाली असेल, तर हे साचणं जास्त असतं. हे पाणी परत नेण्याचं बरंचसं काम लसिकावाहिन्या करतात. कातडीच्या अगदी खाली त्यांचं बारीक जाळं असतं. ते कानाच्या पुढच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथींमधून मानेत उतरतं आणि कॉलरबोनच्या मागे पुन्हा रक्तात मिळतं. या बारीक वाहिन्यांना स्वतःचा जोर फारसा नसतो. स्नायू हलले, वरून हलका दाब पडला, की त्या पुढे सरकवतात. मसाज हेच करतो.

आता रेखीवपणाकडे या. जबड्याची रेषा म्हणजे तरी काय? वर उजेड, खाली सावली, आणि दोहोंच्या मधली कड. त्या कडेवर मिलिमीटरभर पाणी साचलं तरी उजेड-सावलीची सीमा पुसट होते. ते पाणी सरकलं की सीमा पुन्हा उठून दिसते. हाड तिथंच असतं, कालही होतं. त्यावरचं धुकं तेवढं हटलं.

आणखी एक गोष्ट आरशात दिसते, पण तिचं श्रेय दगडाला मिळतं. ती म्हणजे तेल. गालाच्या हाडावर तेलाची चकाकी आली की ते हाड उंच भासतं. तोंड धुऊन, पुसून पाहा. त्यानंतर जेवढा फरक उरेल तेवढा मसाजचा.

मग हा परिणाम किती वेळ टिकतो?

काही तास. बहुतेकांचा चेहरा पुढच्या सकाळी जिथल्या तिथे येतो, कारण रात्री पुन्हा आडवं झोपणं आलं.

यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. सकाळची सूज तुम्ही काहीही केलं नाही तरी उतरतेच. उठून उभं राहिलं, चाललं-फिरलं, डोळ्यांची उघडझाप झाली, चहा पिताना तोंड हललं, की दोन-अडीच तासांत बरंचसं पाणी आपोआप खाली जातं. म्हणजे मसाज करून जे मिळतं ते तुम्हाला नाहीतरी मिळणार होतं, फक्त उशिरा. सकाळी साडेसातच्या लोकलमध्ये चढायचं असेल किंवा आठला कॅमेऱ्यासमोर बसायचं असेल, तर तो उशीर वाचवण्याला अर्थ आहे. रविवारी घरी असाल तर नुसती पोळी लाटलीत तरी चालेल.

नवरीच्या बाबतीत याचा उपयोग होतो का? लग्न अकरा वाजता आहे.

याचं उत्तर एका प्रसंगातून देते, कारण त्यात योगायोगाने तुलनाही झाली.

मागच्या वर्षी एका नवरीचा मेकअप होता. मुहूर्त अकराच्या सुमाराचा, मेकअपला बसायचं सात वाजता. आदल्या संध्याकाळी हळद आणि मेंदी, जेवणात मिसळ, तळलेले पापड, ठेचा. मग मैत्रिणींबरोबर रडारड आणि झोप जेमतेम चार तास. सव्वापाचला मी पोचले तेव्हा तिचे डोळे नुसते फुगले होते. डावी बाजू जास्त, कारण ती डाव्या कुशीवर झोपलेली. धाकट्या बहिणीची अवस्थाही तशीच, तीही सगळीकडे बरोबरच होती.

नवरीला आधी उठवून ताठ बसवलं आणि पंधरा मिनिटं चालायला लावलं. मग फ्रीजमधले दोन स्टीलचे चमचे रुमालात धरून डोळ्यांखाली मिनिट-मिनिटभर टेकवले. पावणेसहाला तेल लावून मानेपासून सुरुवात केली आणि सहा मिनिटं हलक्या हाताने दगड फिरवला. डाव्या बाजूला दोन-तीन हात जास्त. मग फेसवॉशने दोनदा तोंड धुतलं, कारण तेलाचा थर राहिला तर फाउंडेशन टिकत नाही, पहिल्या तासातच नाकाशेजारी फाटतं. साडेसहाला चेहरा बराच उतरला होता आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसत होत्या. सातला मी काम सुरू केलं.

बहिणीला काहीच केलं नव्हतं, मला वेळच नव्हता. ती सामान उचलत, फुलं आणत, जिन्यावरून वर-खाली धावत होती. साडेआठ-नऊला ती माझ्यासमोर केस बांधायला बसली तेव्हा तिचाही चेहरा तेवढाच उतरलेला होता. म्हणजे दगडाने जे साडेसहाला झालं, ते बहिणीच्या पायांनी साडेआठला केलं. नवरीच्या बाबतीत ते दोन तास महत्त्वाचे होते, कारण सुजलेल्या पापणीवर आयलायनरची रेघ काढली आणि नंतर सूज उतरली, तर रेघेचा आकारच बदलतो. संध्याकाळच्या रिसेप्शनला तिचा चेहरा छानच होता, पण त्याचं श्रेय मी घेणार नाही. दिवसभर उभं राहिल्यावर चेहऱ्यातलं पाणी खालीच असतं. तेव्हा सुजतात ते पाय.

एक सूचना मात्र कळकळीची. लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदा ग्वा शा सुरू करू नका. नव्या तेलाने पुरळ यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि ते नेमके मुहूर्ताला उगवतात.

याने रक्ताभिसरण वाढतं असं म्हणतात. त्याला काही पुरावा आहे का?

आहे, छोटा आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात 11 निरोगी माणसांच्या अंगावर, चेहऱ्यावर नव्हे, पारंपरिक जोरकस ग्वा शा केलं. त्या जागी कातडीतला रक्तप्रवाह पहिली साडेसात मिनिटं सुमारे चौपट झाला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. 2018 मध्ये जपानी संशोधकांनी चेहऱ्यावर रोलर पाच मिनिटं फिरवला, तेव्हा त्या गालातला रक्तप्रवाह नंतर दहा मिनिटं तरी वाढलेला होता.

मसाजनंतर गालावर येणारी लाली आणि ऊब ही याचीच. चेहरा टवटवीत दिसतो, हे खरं. पण आकडे पाहा, सगळा हिशोब मिनिटांचा आहे. रक्त जास्त आलं म्हणून त्वचा तरुण झाली, डाग गेले, असा निष्कर्ष यातून कोणी काढत असेल तर तो त्याच्या पदरचा.

रोज केलं तर गाल बारीक होतील का? डबल चिन जाईल का?

नाही. गालाचा गुबगुबीतपणा आणि हनुवटीखालची वळी बहुतेक वेळा चरबीची असते. चरबीच्या पेशी दाबल्याने फुटत नाहीत, वितळून वाहूनही जात नाहीत. तसं होत असतं तर आपण ज्या मांड्यांवर तासन्‌तास बसतो त्या केव्हाच बारीक झाल्या असत्या.

पाणी की चरबी हे घरच्या घरी ओळखता येतं. सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी सहाला, त्याच खिडकीपाशी त्याच कोनातून फोटो काढा. सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असेल तर तो भाग पाण्याचा, त्यावर मसाज चालेल. दोन्ही वेळा सारखंच असेल तर ती चरबी, सैल कातडी किंवा हाडाची घडण, तिथे दगड कितीही घासा. डोळ्यांखालच्या पिशव्यांनाही हीच परीक्षा. पस्तिशी-चाळिशीनंतर दिसणाऱ्या बऱ्याचशा पिशव्या म्हणजे डोळ्याखालची चरबी पुढे सरकलेली असते, आणि त्या सकाळ-संध्याकाळ तशाच राहतात.

हनुवटीच्या बाबतीत हाडाचाही संबंध असतो. खालचा जबडा जरा मागे असेल तर सडपातळ मुलीलाही गळ्यापाशी कोन दिसत नाही. ही घडण आईकडून किंवा बाबांकडून आलेली असते.

पण बाळाचं नाक आणि डोकं मालीश करून घडवतात ना? मग मोठ्यांचं हाड का नाही घडणार?

हा प्रश्न मला एका आजींनी विचारला होता आणि मला तो फार आवडला. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी मालीशवाली बाई येते, टाळू भरते, बाळाचं नाक चिमटीत धरून ओढते, डोकं गोल होण्यासाठी हलके हात फिरवते. नंतर नाक सरळ झालं की श्रेय तिचं.

नवजात बाळाच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. जन्माच्या वेळी दाबलेलं डोकं काही आठवड्यांत आपसूक गोल होतं आणि नाकाला आकार वाढत्या वयाबरोबर येतो. तो बाईंच्या चिमटीने येत नाही. उलट जोरात ओढल्याने बाळाला इजा होऊ शकते, म्हणून बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात. मोठ्या माणसाचं जबड्याचं हाड तर पूर्ण कडक झालेलं असतं. दात घासताना, चावताना ते दिवसभर दगडापेक्षा कितीतरी जास्त जोर सोसतं आणि तरी जागचं हलत नाही.

सुरकुत्या आणि लोंबलेल्या गालांचं काय?

गाल खाली येतात त्याला बरीच कारणं आहेत. आतले धरून ठेवणारे बंध सैल पडतात, चरबीच्या गाद्या काही ठिकाणी आटतात तर काही ठिकाणी खाली सरकतात, वयानुसार हाडही थोडं झिजतं, आणि कातडीतलं कोलॅजन कमी होतं, त्यात उन्हाचा वाटा मोठा. दगडाने वर ढकललेली कातडी हात काढला की परत येते.

लोक इथे एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला देतात. 2018 मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या त्वचातज्ज्ञांनी 40 ते 65 वयाच्या बायकांकडून 20 आठवडे चेहऱ्याचे व्यायाम करून घेतले आणि गाल थोडे भरल्यासारखे दिसले. तो अभ्यास खरा आहे. पण तो व्यायामाचा होता, मसाजचा नव्हे. शेवटपर्यंत टिकल्या त्या फक्त 16 जणी, आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. शिवाय गाल भरणं हा तर ग्वा शावाल्यांच्या दाव्याच्या बरोबर उलटा परिणाम झाला. त्यांना गाल बसलेले हवे असतात.

माझा जबडा रुंद आहे, दात खाते असं डॉक्टर म्हणाले. मसाजने फरक पडेल?

इथे थोडा पडतो, आणि तो दिसण्यापेक्षा जाणवण्यात जास्त असतो. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर चावायचा जाड स्नायू असतो. दात आवळा, बोटाखाली टणक फुगवटा लागेल, तोच. रात्री दात खाणाऱ्यांचा किंवा दिवसभर तणावात दात आवळून बसणाऱ्यांचा हा स्नायू जाड होतो. त्यावर दोन बोटांनी गोल गोल, वेदना होणार नाही इतक्या दाबाने मिनिटभर मसाज केला आणि तोंड सैल सोडलं, की जखडलेपण कमी होतं, डोकेदुखीही काहींची हलकी होते. पण स्नायूची जाडी त्याने घटत नाही. दात खाण्याचं कारण तसंच राहिलं तर रात्री तो पुन्हा कामाला लागतो. दंतवैद्याकडून नाइट गार्ड करून घेणं जास्त गरजेचं, नाहीतर दातच झिजतात.

बरोबर पद्धत कोणती? किती दाब, किती वेळा?

हात धुवा, दगड धुवा, तोंड धुवा. चार-सहा थेंब तेल चेहऱ्यावर आणि मानेवर पसरवा. दगड ओढताना कातडी त्याच्याबरोबर चालली तर तेल कमी आहे.

सुरुवात मानेपासून, कारण खालची वाट मोकळी नसेल तर वरून ढकललेलं पाणी जाणार कुठे? कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात बोटांची पेरं ठेवून पाच-सहा वेळा हलकेच दाबा आणि सोडा. मग कानाखालून मानेच्या कडेने कॉलरबोनपर्यंत दगड तीन-चार वेळा खाली आणा, एका वेळी एकच बाजू. गळ्याच्या पुढच्या भागावर, कंठावर, दगड नको.

त्यानंतर जबडा. हनुवटीच्या मध्यावर दुसऱ्या हाताने कातडी धरून ठेवा आणि दगडाची खाच जबड्याच्या कडेवर बसवून कानाच्या पाळीपर्यंत सावकाश न्या. तिथे जरा थांबून मानेवरून खाली उतरवा. गाल नाकाच्या बाजूने कानाच्या पुढपर्यंत, कपाळ मध्यातून कानशिलाकडे. प्रत्येक रेघेला तीन ते पाच हात पुरे. डोळ्यांखाली दगडाऐवजी अनामिकेने, नाकाकडून बाहेर.

दगड उभा धरू नका. जवळजवळ आडवा, कातडीला टेकलेला ठेवा. उभा धरला की खरवडणं सुरू होतं. दाब किती? झोपलेल्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो तेवढा. ज्या वाहिन्यांवर आपण काम करतोय त्या अगदी वर असतात. जास्त दाबलं तर त्या चिरडून बंद होतात आणि काम उलट थांबतं. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने 1930च्या दशकात लसिकेसाठीचा मसाज बसवला, त्यातही मुख्य शिकवण हलक्या, संथ, ताण देऊन सोडणाऱ्या हाताचीच आहे.

सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. आल्हाददायक लाली आली आणि पंधरा-वीस मिनिटांत गेली तर ठीक. तासाभरानेही लाल असेल, जळजळत असेल किंवा ठिपके दिसत असतील तर दाब जास्त झाला. दोन-तीन दिवस सुट्टी द्या.

व्हिडिओत सगळं वर वर ओढतात, तुम्ही खाली आणायला का सांगता?

कारण पाणी जातं खाली. वर ओढल्याने चेहरा वर जातो ही समजूत दिसायला पटते, पण कपाळाच्या वर पाणी बाहेर काढायला कुठलीही मोरी नाही. बाहेरच्या बाजूला, कानाकडे, आणि तिथून मानेतून खाली, हीच वाट आहे. नुसतं वर ओढणाऱ्या व्हिडिओंनी नुकसान होत नाही, फक्त अर्धं काम राहून जातं.

टॉक्सिन बाहेर पडतात का?

लसिकेतलं पाणी चेहऱ्यातून रक्तात जातं. रक्तातलं जास्तीचं पाणी आणि कचरा मूत्रपिंडं आणि यकृत रोजच काढतात, तुम्ही दगड फिरवला नाही तरी. चेहऱ्यातून कुठलाही विषारी पदार्थ बाहेर टपकत नाही.

आपल्याकडेही याचा जुळा भाऊ आहे. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासतात आणि तूप काळं पडलं की म्हणतात, बघा, अंगातली उष्णता निघाली. तो काळा रंग काशातल्या धातूचा असतो. तांब्याची तुपाशी आणि घामाशी प्रक्रिया होते आणि घासताना धातूचे सूक्ष्म कण मिसळतात. तळपायाला बरं वाटतं, छान झोप लागते, म्हणून मी स्वतः आईचे पाय घासून देते. उष्णतेचा पुरावा म्हणून काळ्या तुपाकडे मात्र बोट दाखवत नाही.

जेड घ्यावा, गुलाबी स्फटिक की स्टील? काशाची वाटी चालेल का?

दगडाच्या जातीने पाणी कमी-जास्त सरकत नाही. कड गुळगुळीत आहे का, हातात नीट बसतो का, एवढं पाहा. नखाने कडेवरून हात फिरवा, कुठे अडकलं तर घेऊ नका. बाजारात जेड म्हणून रंगवलेली काच सर्रास मिळते. ती टवका उडाली की धारदार होते. मी पार्लरमध्ये स्टील वापरते, कारण ते उकळता येतं, पडलं तरी फुटत नाही आणि गार बराच वेळ राहतं. गारव्याने वरच्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरायला तोही हातभार लागतो. घरी चमच्याचा पालथा भागही तेच काम करतो. काशाची चेहऱ्याची कांडी चालेल, पण काळपट झालेलं तूप तोंडावर तसंच ठेवू नका, धुऊन टाका.

तेल कोणतं?

मुरमं येणाऱ्यांनी खोबरेल टाळा, छिद्रं बुजतात. बदामाचं किंवा जोजोबाचं हलकं तेल, किंवा साधं मॉइश्चरायझर जरा जास्त घेतलं तरी भागतं. कपाळावर आणि केसांच्या रेषेवर बारीक, एकसारखे, खाजणारे दाणे येत असतील तर ते नुसतं मुरूम नसून यीस्टमुळे असू शकतात, आणि तेलाने ते वाढतात. मसाजनंतर तेल रात्रभर अंगावर मुरवणं ही आपली सवय चेहऱ्याच्या बाबतीत सोडावी.

माझ्या गालावर वांग आहे. करू का?

वांगाच्या जागेवर नको. हा मुद्दा परदेशी व्हिडिओंत येत नाही, पण आपल्या त्वचेसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी चटकन चिडतात. घर्षण, उष्णता, सूज, यातल्या कशानेही त्या जास्त रंग तयार करतात. आंघोळीच्या वेळी जाळीने किंवा वजरीने पाठ, दंड घासून घासून काळसर झालेल्या बायका मी किती पाहिल्यात. हाडावरच्या कातडीला तर हे हमखास होतं, आणि जबडा नि गालाचं हाड म्हणजे हाडावरचीच कातडी.

एक बाई माझ्याकडे जबड्याच्या दोन्ही कडांवर करड्या-तपकिरी पट्ट्या घेऊन आल्या. सहा महिने रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं, तेल कमी आणि जोर जास्त. पट्ट्या बरोबर दगडाच्या वाटेने उमटल्या होत्या. मी काही न लावता फक्त थांबायला सांगितलं, सनस्क्रीन दिलं आणि त्वचातज्ज्ञांकडे पाठवलं. रंग उतरायला वर्ष गेलं. म्हणून माझा नियम असा, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, आणि कडेवर रंग जरासा गडद वाटला की त्याच दिवशी बंद.

पिकलेली मुरमं, नागीण, ओठांवर उठलेले तापाचे फोड, ताजं ब्लीच किंवा पील, उन्हाने भाजलेलं तोंड यांवरही दगड नाही. मुरूम फोडून त्याच दगडाने पुढे गेलं की पुरळ वाटेने पसरतं.

बोटॉक्स किंवा फिलर केलंय, कधीपासून करता येईल?

ज्यांनी टोचलं त्या डॉक्टरांना विचारूनच. साधारण बोटॉक्सनंतर दोन आठवडे आणि फिलरनंतर दोन ते चार आठवडे हात लावू देत नाहीत, कारण भरलेला पदार्थ जागचा सरकू शकतो.

कोणी अजिबात करू नये?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दगड नको, सहज काळं-निळं पडतं. मानेतल्या रक्तवाहिन्यांचा त्रास, पूर्वी पक्षाघात, किंवा मान दाबल्यावर चक्कर येत असेल तर मानेला हात लावू नका. जबड्याच्या कोपऱ्याखाली मुख्य धमनीपाशी रक्तदाब मोजणारी जागा असते, तिथे दाबलं तर वयस्कर माणसाला भोवळ येऊ शकते. एकाच वेळी दोन्ही बाजूंनी मान दाबणं तर कुणीच करू नये.

माझी सूज मसाजने उतरतच नाही. काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही, सूज वेगळी आहे. रोज सकाळी डोळ्यांभोवती फुगतंय आणि लघवीला फेस येतोय, पायही सुजतायत, तर मूत्रपिंडांची तपासणी करून घ्या. चेहरा कायम फुगलेला, आवाज जाड, थंडी सोसत नाही, वजन वाढतंय, तर थायरॉइड पाहा. दमा किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर चेहरा चंद्रासारखा गोल होतो. तो दगडाने उतरत नाही, आणि गोळ्या मनाने बंद करणं धोक्याचं असतं.

एकाच बाजूचा गाल सुजला, गरम लागतो, दाढ ठणकते, तर तिथे मसाज मुळीच नको, त्याच दिवशी दंतवैद्य गाठा. जबड्याखाली गाठ लागली आणि दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती चोळून जिरवायची गोष्ट नव्हे. ओठ-पापण्या अचानक फुगून श्वास अडकू लागला तर सरळ रुग्णालय.

माझ्यावर परिणाम होतोय का हे मी कसं तपासू?

अर्ध्या चेहऱ्यावर करून. सात दिवस फक्त उजव्या बाजूला करा, डावी तशीच सोडा. फोटो करण्यापूर्वी, झाल्यावर तोंड धुऊन दहा मिनिटांनी, आणि मग तीन तासांनी. फोन हातात धरू नका. शेल्फवर टेकवून चार-पाच फूट लांब उभं राहा, टायमर लावा. जवळून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि जबडा निमुळता दिसतो, आणि हनुवटी बोटभर वर केली तरी जबडा लगेच उठतो. जाहिरातींमधल्या आधी-नंतरच्या फोटोंत हनुवटीकडे आणि सावलीकडे पाहा, निम्मी जादू तिथेच सापडेल.

माझ्या भाचीने हे केलं. धुतल्यानंतरच्या फोटोंत सातपैकी पाच दिवस तिला उजवी बाजू ओळखता आली. तीन तासांनंतरच्या फोटोंत तिने चार वेळा डावी बाजू उजवी म्हणून सांगितली. दगड तिने ठेवला आहे, पण आता फक्त सोमवारी सकाळी काढते. रविवारी रात्री त्यांच्याकडे पावभाजी असते.